दिवाळसणाला सासुरवाडीत काय बोलायचं? आधी खुर्चीवरून उठा

प्रश्न : मी नागपूरचा, नोकरीला पुण्यात. मे महिन्यात लग्न झालं, बायको कोल्हापूरची. आता पहिला दिवाळसण, चार दिवस सासुरवाडीला राहायचं आहे. लग्नानंतर एकदा गेलो होतो. दोन मिनिटं प्रवासाचं, दोन मिनिटं नोकरीचं बोलणं झालं आणि मग सगळे गप्प. सासरे मुळात कमी बोलतात. शेवटी मी मोबाईल काढून बसलो आणि बायको नंतर म्हणाली, ‘बोलायचं की जरा.’ पण बोलू काय? मी उद्धट नाही, मला सुचतच नाही.

उत्तर :

तुम्हाला सुचत नाही यापेक्षा तुम्हाला बसवलंय कुठे, ही अडचण मोठी आहे. गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात नवविवाहित जोडप्यांचं समुपदेशन करते. दिवाळी झाली की पुढचे पंधरा दिवस ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच. येणारा जावई बहुतेक वेळा चांगला बोलका असतो. ऑफिसात, मित्रांत त्याला विषय कमी पडत नाहीत. पण सासुरवाडीत त्याला सोप्यातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसवतात, समोर फराळाचं ताट ठेवतात आणि बाकीची माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. अशा बैठकीत मुलाखत होते, गप्पा होत नाहीत. मुलाखतीत प्रश्न तीनच असतात: प्रवास कसा झाला, काम कसं चाललंय, आई-बाबा बरे आहेत ना. ते संपले की मुलाखत संपली.

आणि समोरचेही घाबरलेले असतात, हे जावयाला दिसत नाही. आमच्याकडे जावयाच्या मानाला फार जपतात. काही कमी पडलं, एखादा शब्द वावगा गेला, तर लेकीला ऐकून घ्यावं लागेल अशी धास्ती सासऱ्यांच्या मनात असते. तुमचे सासरे कमी बोलतात म्हणता. ते एरवी, कट्ट्यावर त्यांच्या मित्रांत, किती बोलतात हे बायकोला विचारून बघा. बहुतेक वेळा वेगळंच चित्र निघतं.

म्हणून विषयांची यादी पाठ करू नका. जायच्या आधी बायकोबरोबर अर्धा तास बसा आणि घरातला दिवस कसा जातो ते समजून घ्या. पहाटे कोण उठतं, दूध कोण आणतं, आकाशकंदील कोण टांगतं, किल्ला कुठली पोरं करतात, लक्ष्मीपूजनाची मांडणी कोणाच्या हातची, रात्री जेवण झाल्यावर कोण कुठे बसतं. कोणाला काय म्हणायचं हेही तेव्हाच पक्कं करा. आमच्याकडे कितीतरी घरांत सासऱ्यांना ‘मामा’ आणि सासूबाईंना ‘मामी’ म्हणतात, काही घरांत ‘आई-बाबा’च म्हणतात. थोरला जावई काय म्हणतो ते विचारा आणि तेच म्हणा. हाक कशी मारायची हे ठरलेलं नसलं की माणूस हाकच मारत नाही, आणि हाक नसली की वाक्य सुरूच होत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला पहिलं तेच विचारते.

आणखी एक विचारून ठेवा: या वर्षी घरात दुखरं काय आहे? चुलत्यांशी वाटणीचा वाद चालू असेल, मेहुण्याची परीक्षा गेली असेल, कोणाचं आजारपण असेल. त्यावर बोलायचं नाही एवढंच ठरवायचं असतं, उपाय सुचवायचा नसतो. घर पंचगंगेच्या बाजूला सखल भागात असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका. त्यांनी काढला, तर मात्र सगळं ऐका.

आता पहिला तास. तो खुर्चीवरच जाणार, त्यातून सुटका नाही आणि सुटका करून घेऊही नये, कारण तो मान त्यांना द्यायचाच असतो. त्या तासात उत्तर द्यायची पद्धत तेवढी बदला. ‘प्रवास कसा झाला?’ याला ‘छान झाला’ म्हटलं की दार लागलं. उत्तरात एक बारीक तपशील ठेवा आणि तो तपशील त्यांच्या बाजूला सरकवा. समजा, तुम्ही गाडीने आलात. ‘बरा झाला मामा. पण कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकेकीमागे दहा-दहा मिनिटं. हंगाम सुरू झाला का इकडं?’ एवढं पुरे. आता सासऱ्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी आलं. कारखाना कधी पेटला, या वर्षी दर काय मागतायत, तोडीची टोळी कुठून आली. तुमच्या आईवडिलांसाठी नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं असेल, तर तीही एक गोष्ट आहे. गोंदियाहून सुटणारी आणि कोल्हापुरात संपणारी ती गाडी म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र. इथल्या प्रत्येक घरात त्या गाडीने कधीतरी गेलेला माणूस सापडतो, आणि तो सांगायला उत्सुक असतो.

पहिला तास संपला की उठा. इथे बहुतेक जावई एक चूक करतात. ‘मी काही मदत करू का?’ असं विचारतात. त्याचं उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे: ‘छे छे, तुम्ही बसा की!’ मग परत खुर्ची. विचारायचं नाही. काम चालू असेल तिथे जाऊन शेजारी बसायचं आणि हातात काहीतरी घ्यायचं. काम असं निवडायचं की ते तुमच्या हातून काढून घेताना त्यांना अवघडल्यासारखं होईल: वाती वळणं, झेंडूची फुलं दोऱ्यात ओवणं, कंदिलाची वायर धरणं, किल्ल्याची माती कालवणं. स्वयंपाकघरात एकदम शिरू नका. जावई आत आला की काही घरांत बायका उठून उभ्या राहतात आणि काम थांबतं. उंबऱ्याशी, नाहीतर मागच्या पडवीत बसलात तर कोणाचं काही अडत नाही.

शेजारी बसून बोलणं सोपं का जातं, तर नजर कामावर असते. दोघांनी एकमेकांकडे बघत गप्प बसणं जड जातं. पण दोघं पणत्यांकडे बघत गप्प असतील तर ती शांतता कोणाला टोचत नाही. आणि काम स्वतःच प्रश्न पुरवतं. नव्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात भिजत घातलेल्या दिसतील. ‘मामी, या पाण्यात कशाला?’ असं विचारा. ‘अहो, कोऱ्या पणत्या तेल पितात. भिजवल्या की मग कमी पितात.’ मग त्या सांगतील त्यांच्या सासूबाई किती तास भिजवायच्या, आणि एका वर्षी विसरल्यावर तेलाचं काय झालं. तुम्ही फक्त ‘कशाला’ विचारलंत.

म्हणजे प्रश्न ‘कसं’, ‘कशाला’, ‘कळतं कशावरून’ असा विचारायचा. ‘किती’, ‘कधी’, ‘कोणता’ या प्रश्नांना एका शब्दाचं उत्तर असतं आणि तो शब्द संपला की पुन्हा तुमचीच पाळी. ‘कसं’ला गोष्ट लागते. शिवाय त्यात समोरचा माणूस जाणकार होतो आणि तुम्ही शिकणारे. जावयाच्या मानापायी जी उतरंड तयार झालेली असते ती आपोआप उलटी होते, आणि सासऱ्यांना मोकळं वाटायला लागतं ते तिथून.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका जोडप्यावरून सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. मुलगा अमरावतीकडचा, घर गंगावेशीच्या बाजूचं. सासरे एका साखर कारखान्यातून पॅनमन म्हणून निवृत्त झालेले. पॅनमन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा तयार करणारा कारागीर. पहिल्या दिवाळीत दोघांत चार दिवसांत मिळून दहा वाक्यं झाली नसतील. जावई मला म्हणाला, ‘मी प्रयत्न केला. साखरेचे भाव विचारले. ते म्हणाले, बघायला पाहिजे. पुढं काय विचारणार?’

दुसऱ्या दिवाळीच्या आधी आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. सासरे पहाटे दूध आणायला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचे, तिथे म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांसमोर धार काढून देतात. जावयाने त्यांच्याबरोबर जायचं, किटली धरून. आणि त्यांच्या कामाबद्दल एकच ‘कसं’ विचारायचं, मग थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. मनातल्या मनात पाच अंक मोजायचे.

थांबण्याबद्दल थोडं सांगते, कारण अर्धा खेळ तिथे आहे. मेरी बड रोव या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळेच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबायचे आणि पुढे बोलायला लागायचे. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला शिकले तेव्हा मुलांची उत्तरं लांब व्हायला लागली. सोप्यातही तेच होतं. कमी बोलणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा नुसतं दार किलकिलं करण्यापुरतं असतं. खरी गोष्ट दुसऱ्या वाक्यात असते, आणि अवघडलेला जावई त्या दोहोंमधल्या फटीतच बोलून टाकतो.

तर पहिल्या पहाटे जावयाने विचारलं, ‘मामा, पॅनमधला माल तयार झाला हे कळायचं कसं?’

सासरे म्हणाले, ‘काचेवर बघायचं.’

जावई थांबला. किटली या हातातून त्या हातात घेतली. चार-पाच पावलं गेल्यावर सासरे आपणहून बोलले, ‘काचेच्या पट्टीवर जरासा माल घ्यायचा आणि उजेडाकडं धरायचा. दाणा दिसतो. सारखा असला पाहिजे. मधेच नवा बारीक दाणा पडला तर बोंबललं.’

इथे त्याच्या हातून चूक झाली, आणि ती कुणाच्याही हातून होते. त्याने या विषयावरचा व्हिडिओ आदल्या रात्री बघून ठेवला होता. तो म्हणाला, ‘हो, मी यूट्यूबवर बघितलं, आता तर सगळं ऑटोमॅटिक असतं ना?’ सासरे म्हणाले, ‘असंल.’ आणि कट्टा येईपर्यंत एक शब्द नाही.

मला त्याने हे फोनवर सांगितलं तेव्हा तो निराश होता. मी त्याला म्हटलं, काही बिघडलेलं नाही. उद्या पहाटे परत जा आणि त्यांचाच शब्द उचल. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘मामा, काल म्हणालात मधेच नवा दाणा पडतो. पडला तर मग काय करायचं?’ बस्स. सासऱ्यांनी सांगितलं की पाणी सोडून तो बारीक दाणा विरघळवायचा, पण त्यात वेळ जातो, वाफ जाते आणि वरचा साहेब घड्याळ बघत उभा राहतो. मग एका रात्रपाळीची गोष्ट आली. मग त्यांचा उस्ताद आला, जो काच न बघता माल बोटांत घेऊन सांगायचा. कट्ट्यावर दूध घेतल्यावर त्यांनी जावयासाठी एक ग्लास धारोष्ण दूध भरून घेतलं आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला म्हणाले, ‘आमचं जावई. ह्यास्नी आमच्या कामातलं लई कळतं.’ त्याला काडीचंही कळत नव्हतं. त्याने ऐकलं होतं, आणि काल ऐकलेलं आज लक्षात ठेवलं होतं.

त्यांनी वापरलेला शब्द उचलून त्याबद्दलच पुढे विचारणं, ही एक गोष्ट नीट जमली तरी चार दिवस निभतात. कितीतरी जावई एक प्रश्न झाला की नव्या विषयावर उडी मारतात: साखर झाली, आता क्रिकेट, आता राजकारण. ऐकणाऱ्याला कळतं की हा नुसते प्रश्न संपवतोय. एका सकाळी एकच विषय, त्याच्याच पोटातून निघणारे दोन-तीन प्रश्न, आणि मधे शांतता.

तुमच्या सासऱ्यांचा विषय काय असेल ते बायको सांगेल. कोल्हापूर असल्याने काही गोष्टी सहज हाताशी आहेत. पाडव्याच्या सुमारास इथे म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, अंगावर मोरपिसं, झुली, आणि मालकाने मोटरसायकलवरून हाळी दिली की म्हैस मागे पळत येते. सासऱ्यांना म्हणा, ‘मामा, मला ते बघायचंय, तुम्ही दाखवाल का?’ गर्दीत उभं राहून दोघंही म्हशीकडे बघत असता, तेव्हा बोलणं आपोआप होतं: ही कुणाची, हिला शिकवलं कसं, शिंगं अशी गुळगुळीत कशी करतात. सासरे पेठेतले असतील तर तालीम आणि फुटबॉल असणारच. इथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि एकेका घराची निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या एका संघाशी असते. त्यात एक पथ्य पाळा. कोणता संघ भारी यावर मत देऊ नका. ‘तुमच्यात हे कोणापासून सुरू झालं?’ एवढंच विचारा. कुस्तीची आवड असेल तर खासबाग मैदान बघायला घेऊन चला म्हणा. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान असं खोलगट आहे की लांब बसलेल्यालाही आखाडा दिसतो. तिथे नेऊन सासऱ्यांनी त्यांनी पाहिलेली एखादी कुस्ती सांगितली नाही, असं होणं अवघड.

बोलीबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही विदर्भातले. आमच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी जातो’ असं बोलतात. मी स्वतःही घरी असंच बोलते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं, ते गिळा. सासूबाईंच्या पिढीला त्यावरून पूर्वी खूप ऐकून घ्यावं लागलेलं असतं. आमचा आवाजही मोठा. ‘आओ, खाईना झालाय की तुम्ही!’ हे भांडण नाही, काळजी आहे. आणि ‘लई भारी’, ‘नादखुळा’ हे शब्द पहिल्याच भेटीत तोंडात घेऊ नका. नक्कल केल्यासारखं वाटतं. उलट तुमचं ‘करून राहिलो’, ‘पोट्टे’ तसंच असू द्या. पोरं हसतील, मेहुणी परत परत म्हणायला लावेल. लावू द्या. ‘दाजी, परत म्हणा की!’ असं ती म्हणाली की समजा, तुम्हाला घरात घेतलं.

जेवणात तुमची खरी परीक्षा आहे, कारण आग्रहाला आमच्याकडे हद्द नाही. ‘बास’ हा शब्द कोणी ऐकत नाही. पहिल्यांदा कमीच वाढून घ्या आणि मग एखादा पदार्थ नाव घेऊन स्वतः मागा: ‘मामी, ती चकली अजून एक.’ स्वतःहून मागितलं की आग्रहाचा जोर निम्म्यावर येतो, आणि चकलीबद्दल विचारायचा हक्कही तुम्हाला मिळतो. मोहन किती घालता, भाजणीत काय काय. तांबडा-पांढरा बहुतेक घरांत सणाचे सोवळे दिवस सरल्यावर होतो. तेव्हा ‘आमच्याकडे सावजी याहून तिखट’ हे वाक्य येऊ देऊ नका. ‘आमच्याकडे’ने सुरू होणारं कोणतंही वाक्य पहिल्या भेटीत तुलना म्हणूनच ऐकलं जातं, मनात काहीही असो. त्याऐवजी विचारा, ‘पांढरा रस्सा फाटत नाही तो कसा?’ नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, हे सासूबाई सांगतीलच. कुणाचा फाटला होता आणि तेव्हा किती पाहुणे होते, हेही सांगतील. सावजीबद्दल त्यांनी विचारलं की मग मनसोक्त सांगा.

चाललंय बरं की नाही, हे ओळखायचं कसं? फराळाचं ताट परत परत पुढे यायला लागलं, ‘घ्या की, काहीच घेतलं नाही तुम्ही’ दर दोन मिनिटांनी ऐकू यायला लागलं, तर समजा बोलणं आटलंय आणि ती जागा आग्रहाने भरली जातेय. तेव्हा नवा विषय शोधू नका, जागा बदला. उठा, अंगणात जा, पोरं किल्ला करत असतील तिथे बसा. पोरांना विचारा दरवाजा कुठल्या बाजूला ठेवणार आणि का. उतारावर अळीव पेरलं की चार दिवसांत हिरवं होतं, हे ती तुम्हाला शिकवतील. पोरांशी रमलेला जावई लांबून सगळं घर बघत असतं, आणि थोड्या वेळाने मोठी माणसंही तिथे येऊन उभी राहतात. याउलट, तुमच्यासमोर ते आपापसांत वाद घालायला लागले, ‘अगं त्या वर्षी न्हवं, थोरल्याच्या लग्नाच्या वर्षी’, ‘काय तरीच सांगू नका’, तर फार चांगलं झालं. तेव्हा मधे बोलू नका, फक्त ऐका. पाहुण्यासमोर कोणी असा वाद घालत नाही.

तीन अवघड प्रश्न येणार. पगार किती, घर कधी घेणार, आणि गोड बातमी कधी. हे विचारणारे बहुतेक वेळा सासू-सासरे नसतात, आलेले चुलते-मावश्या असतात. पगाराचा आकडा सांगू नका, चेष्टेत टाळूही नका. ‘भागतंय चांगलं काका, हप्तेही जातात वेळेवर’ म्हणा. गोड बातमीचा प्रश्न तुमच्या बायकोला जास्त बोचतो, म्हणून त्याचं उत्तर तुम्ही द्या, तिच्यावर ढकलू नका: ‘आशीर्वाद असू द्या मावशी. तुमची नातवंडं कितवीला?’ आणि आहेर जो मिळेल तो दोन्ही हातांनी घ्या. त्याची किंमत, थोरल्या जावयाला काय मिळालं होतं, अंगठी किती ग्रॅमची, यातलं एक अक्षर त्या घरात नको आणि तुमच्या घरी फोनवरही नको. भिंतींना कान असतात. लेकीच्या सासरची माणसं आहेराचं वजन करतात हे ऐकून आयुष्यभर अबोल झालेले सासरे मी पाहिलेत.

बायकोशी एक ठरवून जा. माहेरी गेली की ती आईच्या आणि मैत्रिणींच्या घोळक्यात नाहीशी होणार, तो तिचा हक्कच आहे. पण पहिला तास तिने सोप्यात तुमच्याबरोबर बसावं आणि पहिले दोन धागे तिने काढून द्यावेत: ‘बाबा, ह्यांना तुमचा तो कारखान्यातला किस्सा सांगा.’ मग तिने उठून जावं. ती तिथेच बसून राहिली तर सगळं बोलणं तिच्यामार्फत होतं आणि तुम्ही दोघं, सासरे आणि जावई, एकमेकांशी बोलतच नाही.

दमलात की थांबा. दुपारी जेवण झाल्यावर तास-दीड तास खोलीत आडवं व्हायला हरकत नाही, सांगून जा. दिवसात दोन-तीन वेळा वीस-वीस मिनिटं मोकळं बोलणं झालं तरी ते पुष्कळ आहे. दिवसभर गप्पा मारायला कोणी सांगितलेलं नाही. आणि एक मर्यादा सांगते. लग्नाला घरातून विरोध झाला असेल किंवा देण्याघेण्यावरून मनं दुखावली असतील, तर वरचं काहीही उपयोगाचं नाही. तिथे आधी ती गोष्ट, मोठ्या माणसाला मधे घेऊन, उघड बोलावी लागते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

निघायच्या दिवशी सासूबाई पिशव्या भरत असतील. फराळाचे डबे, चटणीची बरणी, गुळाची ढेप. तेव्हा खोलीत बसू नका, शेजारी उभे राहून एकेक डबा हातात द्या. पुण्याला पोचल्यावर फोन तुम्ही करा, बायकोने करायच्या आधी, आणि सासऱ्यांनाच करा. ‘पोचलो’ एवढं सांगून ठेवू नका. चार दिवसांतला एखादा अर्धवट राहिलेला धागा बाजूला काढून ठेवलेला असू द्या: त्या म्हशीचा मालक जिंकला का, किल्ल्यावरचं अळीव उगवलं का, कारखान्याची पहिली साखर बाहेर पडली का. तेवढंच विचारा, आणि त्यांनी उत्तर दिल्यावर मनात पाच मोजा.